जुन्या यादीची महागाई, नव्या यादीची महागाई

चौघांच्या एका कुटुंबाची महिन्याच्या किराण्याची यादी घेऊ. यादीत पाचच वस्तू आहेत. भाव आणि वजने कुठल्या बाजाराच्या नोंदीतून घेतलेली नाहीत. हिशेब नीट दिसावा म्हणून मी ती ठरवली आहेत. ‘तेव्हा’ म्हणजे आधार वर्ष, ‘आता’ म्हणजे चालू वर्ष.

| वस्तू | तेव्हाचा भाव (रु. किलो) | तेव्हाची खरेदी (किलो) | आताचा भाव (रु. किलो) | आताची खरेदी (किलो) |
|---|---|---|---|---|
| तांदूळ | ५० | १४ | ५५ | १४ |
| तूरडाळ | १०० | ४ | १६० | २.५ |
| मूगडाळ | १०० | १ | ११० | २.५ |
| कांदा | २५ | ८ | ५० | ५ |
| शेंगदाणा तेल | १५० | ४ | १६५ | ४ |

आता प्रश्न एकच: या घराची महागाई किती वाढली?

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे भावांची बेरीज करणे. तेव्हाचे पाच भाव मिळून ४२५ होतात, आताचे ५४०. म्हणजे निर्देशांक १२७, महागाई २७ टक्के. ऐकायला ठीक वाटते, पण या आकड्याला काही पाया नाही. कारण तेलाचा भाव किलोने सांगायचा की डब्याने, हे दुकानदाराच्या सोयीवर असते. तोच तेलाचा भाव १५ किलोच्या डब्याचा धरला तर तेव्हाचा २,२५० रुपये आणि आताचा २,४७५ रुपये होईल. बाकी चार भावांना हात न लावता पुन्हा बेरीज केली तर २,५२५ आणि २,८५०, म्हणजे निर्देशांक ११२.९. कुठल्याही वस्तूचा भाव पैशानेही बदललेला नाही, फक्त माप बदलले, आणि २७ टक्क्यांची महागाई १३ टक्क्यांवर आली.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक वस्तूची वाढ वेगवेगळी काढून त्यांची सरासरी घेणे. तांदूळ ११०, तूर १६०, मूग ११०, कांदा २००, तेल ११०. सरासरी १३८. इथे मापाचा घोळ उरत नाही, पण दुसराच शिरतो. कांद्यावर महिन्याला २०० रुपये खर्च होत होते आणि तांदळावर ७००, तरी सरासरी काढताना दोघांचे मत सारखेच मोजले गेले. कांदा दुप्पट झाला ही बातमी मोठी आहे, पण या घराच्या खर्चात कांद्याचा वाटा दहा टक्केच होता. म्हणून प्रत्येक भावाला त्याच्या खरेदीच्या प्रमाणात भार द्यायला हवा. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद पुढे सुरू होतो, कारण खरेदीचे रकाने दोन आहेत. भार कुठल्या रकान्यातून घ्यायचा, तेव्हाच्या की आताच्या?

तेव्हाची यादी धरू. तेव्हाच्या भावाने तिला ७०० + ४०० + १०० + २०० + ६००, म्हणजे २,००० रुपये लागले. तीच यादी, तेवढेच किलो, आताच्या भावाने घ्यायची तर ७७० + ६४० + ११० + ४०० + ६६०, म्हणजे २,५८० रुपये लागतील. २,५८० ला २,००० ने भागून शंभराने गुणले की १२९. हा आधार वर्षाच्या परिमाणांचा भारित निर्देशांक. बारावीच्या अर्थशास्त्रात तो लास्पेअरच्या नावाने शिकवतात आणि सूत्र असे लिहितात:

P₀₁ = (Σp₁q₀ ÷ Σp₀q₀) × 100

आता आताची यादी धरू. कुटुंबाने यंदा खरोखर जे घेतले त्याला आताच्या भावाने ७७० + ४०० + २७५ + २५० + ६६०, म्हणजे २,३५५ रुपये पडले. हीच यादी घेऊन कुटुंब तेव्हाच्या बाजारात गेले असते, तर ७०० + २५० + २५० + १२५ + ६००, म्हणजे १,९२५ रुपयांत काम झाले असते. २,३५५ भागिले १,९२५ गुणिले शंभर, उत्तर १२२.३. हा चालू वर्षाच्या परिमाणांचा निर्देशांक, पाशेचा:

P₀₁ = (Σp₁q₁ ÷ Σp₀q₁) × 100

भाव तेच, घर तेच, बेरीज-भागाकारात कुठे चूक नाही. तरी एक सूत्र २९ टक्के महागाई सांगते आणि दुसरे २२. मराठी पाठ्यपुस्तकांत ही दोन उदाहरणे शेजारीशेजारी सोडवून दाखवतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. हे सात टक्के आले कुठून हे विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा रस तिथेच आहे.

सूत्रे ज्यांच्या नावाची आहेत ते दोघेही जर्मन होते, आणि दोघांच्याही समोर हॅम्बुर्ग बंदराचे भाव होते. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात १८४८ पासून सोन्याच्या खाणी सापडत गेल्या. त्या सोन्यामुळे पैशाची किंमत घसरली का, म्हणजे सगळेच भाव चढले का, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. एतिएन लास्पेअरने १८६४ मध्ये हॅम्बुर्गचे भाव घेऊन तो तपासला, पण तेव्हा त्याने साधी, भार नसलेली सरासरी वापरली होती. लाइपत्सिगचे गणिती मोरित्स ड्रोबिश यांनी या पद्धतीवर टीका केली. त्या वादातून १८७१ मध्ये लास्पेअरचे आधार वर्षाच्या परिमाणांचे सूत्र आले. पुढे तीनच वर्षांनी, १८७४ मध्ये, हेर्मान पाशे या तेविशीतल्या तरुणाने हॅम्बुर्गच्या बाजारभावांवरच लेख लिहिला आणि भार चालू वर्षाच्या परिमाणांचे घेतले. पाशे पुढे राजकारणात गेला, जर्मन संसदेचा उपाध्यक्षही झाला, पण आज त्याचे नाव टिकले आहे ते या भागाकारामुळे.

फरकाकडे वळू. तक्त्यातल्या पाच वस्तूंपैकी तीन, म्हणजे तांदूळ, मूग आणि तेल, दहा टक्क्यांनीच महागल्या. तूर आणि कांदा मात्र भडकले. कुटुंबाने काय केले? तूर चार किलोंवरून अडीचवर आणली आणि तिची जागा मुगाला दिली. आमटी रोज तुरीचीच हवी हा हट्ट सोडला. कांदा आठ किलोंवरून पाचवर आला. तांदूळ आणि तेल होते तसेच राहिले. म्हणजे ज्या वस्तूंचा भाव सरासरीपेक्षा जास्त वाढला त्यांची खरेदी घटली, आणि ज्यांचा कमी वाढला त्यांची टिकली किंवा वाढली. त्यामुळे आताच्या यादीत भडकलेल्या वस्तूंचे किलो कमी आहेत. त्या यादीने मोजलेली महागाई कमीच दिसणार.

हे नुसते तर्काने सांगायचे नाही. ते गणिताने बांधता येते. सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या आणि बर्लिनमध्ये शिकवणाऱ्या लाडिस्लाउस फॉन बोर्टकिएविच यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की दोन निर्देशांकांमधला फरक तीन गोष्टींवर ठरतो: वेगवेगळ्या वस्तूंच्या भाववाढीत किती फैलाव आहे, खरेदीच्या बदलात किती फैलाव आहे, आणि या दोन बदलांचा आपसात सहसंबंध कसा आहे. तिघांपैकी एक जरी शून्य झाला तरी फरक शून्य. सगळ्या वस्तू सारख्याच तीस टक्क्यांनी महागल्या तर यादी कोणतीही घ्या, उत्तर १३०. खरेदी सगळ्या वस्तूंची सारख्याच प्रमाणात घटली तरी तेच, दोन्ही सूत्रे एकच उत्तर देतात. सहसंबंध ऋण असेल, म्हणजे महागले ते कमी घेतले असे असेल, तर लास्पेअर मोठा आणि पाशे लहान. सहसंबंध धन असेल तर उलट. आपल्या तक्त्यात पाचही वस्तू ऋण संबंधाच्या बाजूने उभ्या आहेत, म्हणून फरक इतका रुंद आला. खऱ्या, शेकडो वस्तूंच्या यादीत तो एका वर्षात इतका रुंद सहसा होत नाही.

मग खरे उत्तर १२९ की १२२? दोन सूत्रे दोन वेगळे प्रश्न विचारत आहेत हे आधी लक्षात घ्यावे लागते. लास्पेअर विचारतो, ‘तेव्हा जे खात होतात तेच आज खायचे तर किती जास्त पैसे लागतील?’ पाशे विचारतो, ‘आज जे खाता ते तेव्हाच्या भावाने कितीला पडले असते?’

महागाई भत्ता ठरवायचा असेल तर पहिला प्रश्न जवळचा वाटतो. कुटुंबाला ५८० रुपये जास्त दिले की ते जुनी यादी जशीच्या तशी घेऊ शकते, कोणाची तक्रार राहणार नाही. पण अर्थशास्त्रज्ञ इथे म्हणतात की ५८० रुपये थोडे जास्तच झाले. कारण हातात २,५८० रुपये आल्यावर ते कुटुंब खरोखर जुनीच यादी घेईल असे नाही. तूर एवढी महाग आहे तर थोडा मूग घेऊ आणि वाचलेल्या पैशांत आणखी काही आणू, असे ते करील, आणि तेव्हापेक्षा जास्त समाधानात राहील. तेव्हाइतकेच समाधान पुरवायचे असेल तर ५८० पेक्षा कमी पुरले असते. म्हणून आधीचे राहणीमान टिकवण्याच्या खर्चाची वरची मर्यादा लास्पेअर दाखवतो. तसाच तर्क उलट्या बाजूने लावला तर आताच्या राहणीमानासाठी पाशे खालची मर्यादा दाखवतो. एक अट मात्र आहे: कुटुंबाची आवड मधल्या काळात बदललेली नसावी.

या तर्काशी माझी एक तक्रार आहे. कांदा आठ किलोंवरून पाचवर आला तो आवडीने नव्हे. कांद्याला मुगासारखा पर्याय नाही. भाजीत कांदा कमी पडला म्हणजे कमीच पडला. पण पाशेच्या सूत्राला हे दिसत नाही. त्याच्या लेखी पाच किलो ही आताची यादी, आणि त्या यादीत कांदा कमी आहे, म्हणून महागाई कमी. समजा, कांदा इतका भडकला की घरात आणणेच बंद झाले, तर पाशेच्या निर्देशांकातून कांद्याचा भाव पूर्णच गळून पडेल. घरात सर्वांत जास्त ज्याची उणीव जाणवते त्याचा भार शून्य! पर्याय शोधणे आणि पोट मारणे यांतला फरक दोन्ही सूत्रांना कळत नाही, पण पाशेच्या बाबतीत त्याची झळ जास्त बसते.

हाताने हिशेब करताना हमखास होणारी एक चूक इथे सांगायला हवी, कारण ती अगदी सभ्य दिसते. लास्पेअरचा निर्देशांक खर्चाच्या टक्केवारीनेही काढता येतो. तेव्हाच्या २,००० रुपयांत तांदळाचा वाटा ३५ टक्के, तुरीचा २०, मुगाचा ५, कांद्याचा १० आणि तेलाचा ३०. प्रत्येक वस्तूच्या भाववाढीला तिच्या टक्क्याने गुणून बेरीज केली की ३८.५ + ३२ + ५.५ + २० + ३३, उत्तर बरोबर १२९. सरकारी निर्देशांक याच रीतीने मांडतात. त्यांच्या तक्त्यात किलो नसतात, ‘भार’ नावाचे टक्के असतात. हे पाहून कोणी म्हणेल, मग पाशेसाठी आताच्या खर्चाचे टक्के घेऊन तेच करू. केले तर उत्तर येते १२८. पाशे तर १२२.३ आहे. मग चुकले कुठे?

रुपयांतल्या वाट्यात आताचा भाव आधीच मिसळलेला असतो. कांदा आठवरून पाच किलोंवर आला तरी त्याचा खर्चातला वाटा १० टक्क्यांवरून १०.६ वर गेला, कारण भाव दुप्पट झाला. त्या फुगलेल्या वाट्याने पुन्हा भाववाढीला गुणले की भाव दोनदा मोजला जातो. आताच्या टक्क्यांवरून पाशे काढायचा तर साधी सरासरी चालत नाही, हरात्मक सरासरी लागते: प्रत्येक वाट्याला भाववाढीने भागायचे, त्यांची बेरीज करायची आणि शेवटी उलटायचे. किलोंवरून सरळ काढणे त्यापेक्षा कितीतरी सोपे.

आपले उत्तर बरोबर आहे का हे तपासायला एक चांगली कसोटी आहे. कुटुंबाचा प्रत्यक्ष खर्च २,००० वरून २,३५५ वर गेला, म्हणजे १७.७५ टक्के वाढला. ही वाढ दोन भागांची बनलेली आहे, भाव चढले आणि खरेदी घटली. तेव्हाच्या भावाने दोन्ही याद्या मोजल्या तर खरेदी २,००० वरून १,९२५ वर आली, म्हणजे ९६.२५. आता पाशेचा भाव निर्देशांक १.२२३४ आणि हा ०.९६२५ यांचा गुणाकार करून पाहा, १.१७७५ येतो. लास्पेअरच्या १.२९ ला मात्र याच आकड्याने गुणले तर १.२४ येते आणि हिशेब जुळत नाही. लास्पेअरची जोडी पाशेच्या परिमाण निर्देशांकाशीच जुळते, जो आताच्या भावाने मोजलेला असतो (२,३५५ भागिले २,५८०, म्हणजे ०.९१२८). भाव जुन्या यादीने मोजले तर खरेदी नव्या भावाने मोजायची, आणि उलट. दोन्हीकडे जुनेच किंवा दोन्हीकडे नवेच घेतले की खर्च जुळत नाही. रकाने अदलाबदल होऊन चूक झाली असेल तर ती या गुणाकारात लगेच पकडली जाते.

आता सरकारी निर्देशांक पाहू. भारताचा ग्राहक किंमत निर्देशांक आणि घाऊक किंमत निर्देशांक लास्पेअरच्या वळणाचे आहेत, आणि त्याचे मुख्य कारण सैद्धांतिक नाही, कामाच्या सोयीचे आहे. भाव दर महिन्याला गोळा करता येतात. २०१२ च्या मालिकेसाठी १,११४ शहरी बाजारांतून आणि १,१८१ खेड्यांतून ते घेतले जात. पण कोणी किती किलो काय घेतले हे कळायला घरोघर जाऊन उपभोग खर्चाचे सर्वेक्षण करावे लागते. ते वर्षभर चालते, आणि त्याची आकडेवारी हाती यायला आणखी वेळ जातो. पाशेच्या सूत्राला या महिन्याची खरेदी या महिन्यातच हवी. ती मिळणे शक्यच नाही. लास्पेअरला परिमाणे एकदाच लागतात, नंतर फक्त भाव बदलत राहायचे.

त्याची किंमत अशी की यादी जुनी होत जाते. २०१२ च्या मालिकेचे भार २०११-१२ च्या सर्वेक्षणातून आले होते आणि ती मालिका दशकाहून जास्त काळ चालली. त्या सर्वेक्षणात ग्रामीण घरांच्या मासिक खर्चात खाण्यापिण्याचा वाटा ५२.९ टक्के होता. २०२२-२३ च्या सर्वेक्षणात तो ४६.४ टक्क्यांवर आला. शहरांत ४२.६ वरून ३९.२. तरी निर्देशांकात खाद्यपदार्थांचा भार जुनाच, संयुक्त मालिकेत ४५.८६ टक्के. त्यामुळे अन्नधान्य, भाज्या भडकल्या की निर्देशांक घरांच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त उसळी घेत असे, आणि त्या स्वस्त झाल्या की जास्त खाली जात असे. जुन्या यादीमुळे महागाई नेहमी जास्तच दिसते हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. ती कोणत्या दिशेने चुकते, हे कोणत्या वस्तू महागल्या त्यावर ठरते. शिवाय यादी जुनी झाली की तिच्यातल्या वस्तूच बाजारातून जातात. त्या मालिकेच्या यादीत व्हीसीडी-डीव्हीडी प्लेअर आणि कॅसेटसुद्धा होत्या. लास्पेअरला त्यांचा आजचा भाव हवा असतो, आणि तो सांगणारा दुकानदार सापडत नाही. पाशेची अडचण नेमकी उलटी: आजच्या यादीत जे नवे आहे त्याचा तेव्हाचा भाव कुठून आणायचा?

आणि हो, कांद्याचा भार त्या मालिकेत ०.६४ टक्के होता. आमच्या तक्त्यात तो दहा टक्के आहे कारण तक्त्यात घरभाडे, शाळेची फी, औषधे, बसभाडे काहीच नाही. देशाच्या निर्देशांकात कांदा दुप्पट झाला तर एकूण आकडा अर्ध्या टक्क्याहून थोडाच जास्त हलतो.

पाशेचे वळण आपल्याला भेटते ते सकल देशांतर्गत उत्पादनाच्या हिशेबात. यंदाचे उत्पादन यंदाच्या भावाने मोजतात, तेच उत्पादन आधार वर्षाच्या भावाने मोजतात, आणि एकाला दुसऱ्याने भागतात. परिमाणे दोन्हीकडे यंदाची, म्हणजे हा पाशेचाच भागाकार. तिथे तो जमतो कारण यंदा काय पिकले, काय बनले हे नाहीतरी मोजायचेच असते.

आता वर सांगितलेल्या नियमाच्या उलट जाणारे एक उदाहरण. आषाढात एका घरात पाच डझन अंडी आली, ८४ रुपये डझनाने, आणि एक किलो साबुदाणा आला ६० रुपयांनी. श्रावण लागला. अंडी जवळजवळ बंद झाली, फक्त एक डझन आली. मागणी पडल्याने भाव ७२ वर आला. सोमवार, शनिवार, एकादशी धरून उपास वाढले, साबुदाणा चार किलो लागला आणि भाव ७५ वर गेला. (हेही आकडे मी बसवलेलेच.) आषाढाच्या यादीला तेव्हा ४८० रुपये पडले, श्रावणाच्या भावाने ४३५ पडतील, लास्पेअर ९०.६. श्रावणाच्या यादीला श्रावणाच्या भावाने ३७२, आषाढाच्या भावाने ३२४, पाशे ११४.८. एक सूत्र म्हणते नऊ टक्के स्वस्ताई झाली, दुसरे म्हणते पंधरा टक्के महागाई. आणि इथे पाशे मोठा आहे. कारण इथे भावाने खरेदी ठरवली नाही, खरेदीने भाव ठरवला. लोकांना जे हवे झाले ते महागले, आणि जे नकोसे झाले ते स्वस्त झाले. सहसंबंध धन झाला. लास्पेअर मोठा आणि पाशे लहान हा नियम भावाला बघून वागणाऱ्या गिऱ्हाइकाचा आहे. सणवार, फॅशन, वाढते उत्पन्न यांना तो बांधलेला नाही. वर आवडनिवड बदललेली नसावी अशी अट घातली होती ती याचसाठी.

याच उदाहरणात आणखी एक सापळा आहे. यादी जुनी होऊ नये म्हणून दर महिन्याला ताजी यादी घ्यावी आणि महिन्यामहिन्याचे निर्देशांक गुणत जावे, असे कोणालाही सुचेल. समजा, चातुर्मास संपला आणि कार्तिकात भाव व खरेदी सगळे पुन्हा आषाढासारखे झाले. श्रावणाची यादी धरून कार्तिकाचा लास्पेअर काढला तर ३२४ भागिले ३७२, म्हणजे ८७.१. मधले महिने श्रावणासारखेच गेले असे धरून साखळी जोडली, तर ०.९०६ गुणिले ०.८७१, उत्तर ०.७८९. भाव होते तिथे परत आले, तरी निर्देशांक २१ टक्के स्वस्ताई दाखवतो! पाशेची साखळी जोडली तर उलट, भाव जागच्या जागी असताना २७ टक्के महागाई.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात नेमकी हीच कसोटी लावली: निर्देशांक पुढे जाऊन मागे आला तर शंभरावर आला पाहिजे. लास्पेअर आणि पाशे दोघेही तिथे नापास होतात. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले तर मात्र ती जमते; या मध्याला फिशरने ‘आदर्श’ निर्देशांक म्हटले. किराण्याच्या यादीसाठी तो १२५.६ येतो, आषाढ-श्रावणासाठी १०२. त्याची अडचण एवढीच की त्याला यादी नाही. १२९ कशाचे हे कुटुंबाला दाखवता येते, १२२.३ कशाचे तेही, १२५.६ ही मात्र कोणत्याही पिशवीची किंमत नाही. शिवाय चालू परिमाणे त्यालाही लागतात, म्हणून पाशेची उशिराची अडचण त्याच्याही मागे येते.

अमेरिकेने या उशिराचा मार्ग असा काढला. तिथल्या श्रम सांख्यिकी विभागाने २००२ पासून दोन्ही काळांचे भार घेणारा साखळी निर्देशांक नेहमीच्या निर्देशांकाशेजारी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. आधी अंदाजी आकडा येतो, खरेदीची माहिती जमेल तसा तो सुधारत जातो, आणि अंतिम आकडा यायला जवळजवळ वर्ष लागते. हा निर्देशांक साधारणपणे नेहमीच्यापेक्षा थोडा सावकाश चढतो, कारण त्यात तुरीकडून मुगाकडे वळणे धरलेले असते. २०१८ पासून तिथल्या आयकराच्या उत्पन्न मर्यादा या सावकाश चढणाऱ्या निर्देशांकाने वाढतात. निवृत्तांचे सामाजिक सुरक्षा वेतन मात्र अजूनही जुन्या वळणाच्या, आधीच्या यादीच्या निर्देशांकाने वाढते.